केळं तोलायचं सालीसकट की सोलून?

वजन कमी करायचं ठरवलं की घरात दोन गोष्टी येतात: स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा आणि मोबाइलमधलं कॅलरी मोजणारं अॅप. पोळी, भात, डाळ यांची नोंद कशीबशी होते. गाडी अडते ती केळ्यापाशी. काट्यावर ठेवलं तर आकडा येतो १८० ग्रॅम. अॅप विचारतं, किती ग्रॅम? १८० लिहावं तर साल आपण खाणार नाही. सोलून तोलावं तर डब्यात द्यायचं केळं आत्ताच सोलणार कसं? शेवटी माणूस ‘एक मध्यम केळं’ असा पर्याय निवडतो आणि अॅप १०५ कॅलरी टिपून मोकळं होतं. आता ते केळं जळगावचं जी-नाईन होतं की वसईची वेलची, हे त्या अॅपला कुठून कळणार?

आधी सालीचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. पोषणाच्या तक्त्यांमध्ये फळांपुढे ‘दर १०० ग्रॅमला’ म्हणून जो आकडा असतो, तो खाण्याजोग्या भागाचा असतो. केळ्याच्या बाबतीत म्हणजे नुसत्या गराचा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात केळ्याला ८९ कॅलरी आहेत आणि बहुतेक अॅप तोच आकडा वापरतात. त्याच तक्त्यात केळ्याचा ३६ टक्के भाग साल म्हणून वजा धरला आहे. तेव्हा १८० ग्रॅमच्या केळ्यात गर साधारण ११५ ग्रॅम आणि कॅलरी १०२. सालीसकटचं वजन तसंच भरलं तर अॅप १६० दाखवील. एका केळ्यामागे ५८ कॅलरी नुसत्या सालीच्या, ज्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. रोज दोन केळी खाणाऱ्याच्या हिशोबात यामुळे एका पोळीहून जास्त भर पडते, आणि तो बिचारा ती कमी करण्यासाठी संध्याकाळचं खाणं सोडून देतो.

काही तक्त्यांत मात्र केळ्याच्या दोन वेगळ्या नोंदी असतात. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात ‘नुसता गर’ आणि ‘सालीसकट तोललेलं’ अशा दोन ओळी दिल्या आहेत, आणि दुसऱ्या ओळीतला आकडा पहिलीच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. आपल्या अॅपमधली नोंद कोणती, हे ओळखायला त्यातला १०० ग्रॅमचा आकडा पाहावा. तो ८०च्या वर असेल तर गराचा, ५५ ते ६५च्या आसपास असेल तर सालीसकटचा. ज्या नोंदी कुणीतरी स्वतः भरलेल्या असतात त्यांत मात्र या दोन्हींची सरमिसळ सापडते, म्हणून केळ्याच्या बाबतीत ही एक नजर टाकून घेतलेली बरी.

मग तोलायचं कसं? सगळ्यात अचूक पद्धत सगळ्यात सोपीही आहे. केळं सालीसकट तोला, खा, मग साल काट्यावर ठेवा आणि वजाबाकी करा. सोललेलं केळं काट्यावर ठेवून ताटली खराब करायची गरज नाही. देठाचं टोक, खालचं काळं बोंड, गराला चिकटलेले ते लांब धागे, कुणी काढून टाकतं, कुणी खातं. सालीबरोबर जे जे टाकलं ते सगळं काट्यावर ठेवलं की हिशोब आपोआप जुळतो. असं चार-सहा वेळा केलं की आपल्या घरी येणाऱ्या केळ्यात सालीचा वाटा किती, हे कळून जातं. पुढे रोज तोलायची गरज उरत नाही.

आता जरा गंमतीचा भाग. आपल्याकडे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि शाळेची पुस्तकं वर्षानुवर्षं ज्या तक्त्यावर विसंबून होती, तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. त्या जुन्या तक्त्यात पिकलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅम गराला ११६ कॅलरी आहेत आणि खाण्याजोगा भाग ७१ टक्के. म्हणजे तेच १८० ग्रॅमचं केळं घेतलं तर गर १२८ ग्रॅम आणि कॅलरी १४८. अमेरिकी तक्ता म्हणतो १०२. फळ तेच, काटा तोच, आणि उत्तरात जवळजवळ दीडपटीचा फरक. कुणीतरी चुकलंय असं वाटणं साहजिक आहे. पण कुणीच चुकलेलं नाही, आणि फरक कुठून आला हे उलगडून पाहता येतं.

अन्नातल्या कॅलरी सहसा थेट मोजल्या जात नाहीत. प्रयोगशाळेत पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, राख हे मोजतात, उरलेलं कर्बोदक धरतात, आणि मग प्रत्येकाला एका ठरलेल्या आकड्यानं गुणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून हे गुणक आले. प्रथिनांना ४, स्निग्धाला ९, कर्बोदकांना ४. हैदराबादच्या तक्त्यात केळ्याचे आकडे आहेत कर्बोदकं २७.२ ग्रॅम, प्रथिनं १.२ आणि स्निग्ध ०.३. गुणून बेरीज करा, ११६ येतात. अमेरिकी तक्त्यात कर्बोदकं २२.८४, प्रथिनं १.०९, स्निग्ध ०.३३. इथे ४-९-४नं गुणलं तर यायला हवेत ९९. पण त्यांनी छापलेत ८९, कारण फळांसाठी ते वेगळे, थोडे कमी गुणक वापरतात. फळातल्या कर्बोदकांचा काही भाग तंतुमय असतो आणि तो पूर्ण पचत नाही, म्हणून ४ ऐवजी ३.६. हे फळांचे गुणक लावले की बरोबर ८९ येतात.

थोडक्यात, ११६ आणि ८९ मधल्या २७ कॅलरींपैकी १० तर निव्वळ गुणाकाराच्या रीतीतून आल्या. उरलेल्या १७ खऱ्या आहेत, आणि त्यांचं कारण पाणी. हैदराबादच्या केळ्यात पाणी ७० टक्के, अमेरिकी केळ्यात ७५. एकात १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम ऐवज, दुसऱ्यात २५. आपल्याकडच्या छोट्या, गच्च गराच्या जाती खाल्ल्या आहेत त्याला हे तक्त्याशिवायही ठाऊक असतं. वेलची केळ्याचा घास आणि जी-नाईनचा घास यांत भरीवपणाचा फरक जिभेलाच कळतो.

घरगुती हिशोबासाठी मी एक गोळाबेरीज वापरतो: गराचे जितके ग्रॅम, तितक्या कॅलरी. बाजारातल्या मोठ्या पिवळ्या केळ्याला ही मोजणी नीट लागू पडते, कारण ४-९-४च्या रीतीनं त्याचे ९९ येतातच आणि बिस्किटांच्या पुड्यावर किंवा पोह्यांच्या पाकिटावर छापलेले आकडेही साधारण त्याच रीतीचे असतात. सगळा दिवस एका मापानं मोजलेला बरा. वेलचीसारख्या भरीव केळ्याला दहा-पंधरा टक्के वर धरावेत. याहून बारकाईनं मोजण्यात अर्थ नाही, कारण एकाच फणीतल्या दोन केळ्यांतसुद्धा तेवढा फरक असू शकतो.

आकाराचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि लोक त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. अमेरिकी तक्त्यात केळ्याची लांबीवरून प्रतवारी आहे. सहा इंचांहून आखूड ते अगदी लहान, गर ८१ ग्रॅम. सात ते जवळजवळ आठ इंच ते मध्यम, गर ११८ ग्रॅम, आणि अॅपमधल्या त्या १०५ कॅलरी याच्याच. नऊ इंच किंवा त्याहून लांब ते अगदी मोठं, गर १५२ ग्रॅम. ही सगळी मापं एकाच घराण्याच्या, म्हणजे कॅव्हेंडिश केळ्याची आहेत. जळगाव, रावेर, यावलकडून येणारं जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन, याच घराण्यातलं आहे, त्यामुळे हातगाडीवरच्या लांब पिवळ्या केळ्याला हा तक्ता बऱ्यापैकी बसतो. एका किलोत सहा केळी आली तर एकेक सुमारे १६७ ग्रॅमचं, त्यात गर १०५-११० ग्रॅम. पाचच आली तर २०० ग्रॅमचं, गर सुमारे १३०. किलोमागे किती केळी चढली एवढं लक्षात ठेवलं तरी घरी काटा काढावा लागत नाही.

पण या तक्त्यातल्या ‘अगदी लहान’ केळ्याहूनही वेलची खूप लहान असते. सालीसकट ६० ग्रॅमची एक वेलची घ्या. तिची साल कागदासारखी पातळ, समजा ती १५ ग्रॅम गेली. गर ४५, कॅलरी पन्नासच्या आसपास. इथे ‘एक मध्यम केळं’ निवडणारा दुपटीहून जास्त लिहितो आहे. उलट, लांबलचक राजेळी केळ्याला ‘एक केळं’ म्हणून १०५ लिहिणारा बरंच कमी लिहितो. नगावर मोजणं हे आपल्याकडे डझनाच्या हिशोबातून आलं आहे. भाव करायला ते ठीक आहे, पण खाल्लं किती हे त्यातून कळत नाही. आणि सालीचा ३६ टक्क्यांचा ठोकताळाही इथे चालत नाही. पातळ सालीच्या जातीत गराचा वाटा तीन-चतुर्थांशापर्यंत जातो, म्हणून वेलचीसाठी साल एकदा वेगळी तोलून पाहावीच.

राहिला पिकण्याचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘डाग पडलेलं केळं खाऊ नकोस, त्यात साखर वाढते, वजन वाढेल,’ असं ठणकावून सांगणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसऱ्याचा पहिल्याशी फारसा संबंध नाही.

केळं झाडावरून हिरवं उतरवतात. तेव्हा गरात सुमारे पाचवा हिस्सा स्टार्च असतो आणि साखर नावापुरती. वखारीत इथिलीन वायू देऊन ते पिकवायला लावलं की विकरं कामाला लागतात आणि स्टार्च तोडून साखर बनवतात. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो आणि साखर पंधरा टक्क्यांच्या वर जाते. ही साखर बाहेरून आलेली नाही. घडातून कापलेल्या केळ्याला आता झाडाकडून काहीच मिळत नाही, आत होतं त्याचंच रूप पालटलं. उलट फळ श्वास घेतं, त्यासाठी थोडी साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तेव्हा पिकता पिकता केळ्यातली एकूण ऊर्जा वाढत तर नाहीच, किंचित घटते.

फणीतल्या एकाच केळ्याचा पाठलाग करून पाहू. व्यापारात केळ्याच्या रंगाच्या सात पायऱ्या मानतात. पहिली पूर्ण हिरवी, चौथीत हिरव्यापेक्षा पिवळा जास्त, सहावी पूर्ण पिवळी, सातवी तपकिरी ठिपक्यांची. समजा आपण चौथ्या पायरीवरचं १८० ग्रॅमचं केळं आणलं. साल अजून जाड आणि रसरशीत आहे, वजनाच्या ४० टक्के. गर १०८ ग्रॅम, त्यात पाण्याशिवायचा ऐवज ३० ग्रॅम. पाच दिवस टोपलीत ठेवलं. ठिपके आले. आता सालीतून पाणी दोन दिशांना गेलं. काही हवेत उडालं, काही गरात शिरलं, कारण गरात साखर वाढली की तो सालीतलं पाणी ओढून घेतो. केळ्याचं एकूण वजन १७० ग्रॅमवर आलं, साल आता ३२ टक्के, म्हणजे ५४ ग्रॅम. गर मात्र वाढून ११६ ग्रॅम झाला. ऐवजातला एखादा ग्रॅम श्वासात जळाला, राहिला २९ ग्रॅम.

दोन्ही दिवसांच्या कॅलरी मांडल्या तर पूर्ण केळ्यामागे आधी ११७, नंतर ११३. फरक चारचा, तोही उताराकडे. पण १०० ग्रॅम गराचा हिशोब केला तर आधी १०८ आणि नंतर ९७-९८, कारण तीच ऊर्जा जास्त पाण्यात पसरली. यामुळेच जास्त पिकलेल्या केळ्याचा १०० ग्रॅमचा आकडा कमी आणि कच्चटाचा जास्त दिसू शकतो, आणि तो पाहून लोक उलटेच निष्कर्ष काढतात. नगावर खाणाऱ्याला पिकण्यानं काही फरक पडत नाही. सालीसकट तोलणाऱ्याला मात्र पडतो, कारण सालीचा वाटा ४० वरून ३२ वर आला. दोन्ही दिवशी ३६ टक्के वजा करणारा पहिल्या दिवशी गर सात ग्रॅम जास्त धरतो आणि शेवटच्या दिवशी सात ग्रॅम कमी. सात ग्रॅम म्हणजे सात कॅलरी. एवढ्यासाठी रंगाची पायरी नोंदवत बसू नये. फ्रिजमध्ये काळ्या पडलेल्या केळ्यावरून तर पिकण्याचा अंदाजही करू नये. तिथे साल थंडीनं काळवंडते, गर आत तसाच घट्ट असतो.

कच्चट केळ्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याच्यावर जगतात. त्यांनी बनवलेल्या आम्लांतून शरीराला ऊर्जा मिळते, पण ग्रॅममागे ४ ऐवजी साधारण २ कॅलरी. आपल्या चौथ्या पायरीच्या केळ्यात असा पाच ग्रॅम स्टार्च धरला तर १० कॅलरी वाचल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रक्तातली साखर सावकाश चढते, म्हणून मधुमेह असलेल्यांना डॉक्टर जरा टणक केळं खा म्हणतात तेव्हा त्यांचा रोख कॅलरींवर नसून या वेगावर असतो. घरात हे दोन्ही एकच समजलं जातं आणि गोंधळ होतो. हिरव्या केळ्याची भाजी केली तर हा फायदा बराचसा जातो, कारण शिजताना स्टार्च फुलतो आणि पचण्याजोगा होतो. केळ्याच्या वेफर्समध्ये तर पाणी उडून त्या जागी तेल बसतं आणि १०० ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी होतात. वसईची सुकेळी तळलेली नसतात, पण त्यांच्यातलंही पाणी उन्हात गेलेलं असतं. म्हणून एक सुकेळं म्हणजे मूळचं एक अख्खं राजेळी केळं, हे खाताना लक्षात असावं.

सगळं एकत्र मांडलं तर चुकांची उतरंड अशी लागते. आकार न पाहता ‘एक केळं’ लिहिलं तर हिशोब दुप्पट किंवा निम्मा होतो. सालीसकटचं वजन गराचं म्हणून लिहिलं तर दीडपटीनं फुगतो. तक्ता बदलला तर शंभर ग्रॅमला २७ कॅलरींपर्यंतचा फरक. आणि पिकण्यामुळे पाच-दहा कॅलरींचा. चर्चा मात्र नेमकी या शेवटच्या गोष्टीचीच जास्त होते.

शिकरणाच्या वाटीत मात्र पिकण्याला खरी किंमत आहे. एका माणसाचं शिकरण घ्या: ११० ग्रॅम गराचं एक केळं, दीडशे मिलिलिटर मलईचं दूध, दोन चमचे साखर. केळ्याच्या ११०, दुधाच्या १३०च्या आसपास, साखरेच्या ४०. केळं सहाव्या पायरीचं, टणक आणि फिकं असेल तर दोन चमचे साखर लागतेच, कधी तिसराही पडतो. तेच केळं दोन-तीन दिवस टोपलीत राहून ठिपक्यांचं झालं असेल तर ते दुधात कुस्करताच विरघळतं आणि साखरेच्या डब्याला हात लावावा लागत नाही. केळ्याच्या कॅलरी होत्या तेवढ्याच राहिल्या, पण वाटीतल्या ४० कमी झाल्या.